गोलूचा आलेख: एकाच पोरावर केलेला प्रयोग

जिल्हा परिषदेच्या शाळेत कृतिसंशोधन म्हटलं की साचा ठरलेला असतो. वर्गाची पूर्वचाचणी घ्यायची, एखादा उपक्रम राबवायचा, उत्तरचाचणी घ्यायची, दोन सरासऱ्यांतला फरक काढून अहवाल पाठवून द्यायचा. या सरासरीत एखाददुसरं पोरगं कुठल्या कुठे हरवून जातं. माझा प्रश्न मात्र एकाच पोराचा होता आणि एका पोराची सरासरी काढून काही हाती लागत नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कपाशीचं. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी हेडमास्तर सरांकडे, तिसरी-चौथी एका खोलीत माझ्याकडे. पोरगं चौथीतलं, त्याला इथे गोलू म्हणते. तिसरीला फळ्यावर शिकवताना चौथीला स्वाध्याय देऊन बसवावं लागतं, आणि नेमकं तेव्हा गोलू जागेवर नसायचा. कुणाची पेन्सिल घे, खिडकीतून बैल बघ, माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहा. पोरगं हुशार, मार खाणारं नाही आणि मारणारंही नाही. फक्त बसत नव्हतं.

एकाच व्यक्तीवर करायच्या प्रयोगाची पद्धत मी एम.एड.ला वाचली होती. तिचं मूळ सोपं आहे. तुलनेसाठी दुसरा गट घ्यायचा नाही, त्या पोराचीच तुलना त्याच्याशीच करायची. आधी काहीही न बदलता रोज मोजायचं, ही बेसलाइन. मग उपाय सुरू करून तसंच रोज मोजत राहायचं. बेसलाइनच्या टप्प्याला ए म्हणतात, उपायाच्या टप्प्याला बी. पण ए आणि बी एवढ्यावर थांबलं तर आपल्या पूर्वचाचणी-उत्तरचाचणीचीच गत होते. पोरगं सुधारलं हे दिसतं, उपायामुळे सुधारलं हे दिसत नाही. त्याच आठवड्यात निंदणाचा हंगाम संपून त्याची आई घरी राहायला लागली असेल. त्याचा उनाड जोडीदार मामाच्या गावाला गेला असेल. म्हणून बीनंतर उपाय काढून घ्यायचा आणि पुन्हा ए करायचा, मग पुन्हा बी. वागणूक तिन्ही वेळा आपण बदल केला त्याच सुमारास वळली, तर तिन्ही वेळा योगायोगच झाला असं म्हणणं अवघड जातं. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊसच्या निकषांतही हेच आहे: परिणाम तपासण्याची संधी किमान ३ वेळा, वेगवेगळ्या वेळी मिळायला हवी आणि पूर्ण मान्यतेसाठी प्रत्येक टप्प्यात किमान ५ नोंदी हव्यात.

सगळ्यांत जास्त वेळ व्याख्येत गेला. ‘गोलू चंचल आहे’ हे मोजता येत नाही. हेडमास्तर सरांच्या लेखी जे चंचल, ते माझ्या लेखी साधं चुळबुळणं असू शकतं. डी.एल.एड.च्या इंटर्नशिपसाठी आमच्याकडे आलेली एक मुलगी नोंदी घ्यायला तयार झाली. ती आणि मी बसून लिहिलं: ढुंगण सतरंजीवर असेल, आणि डोळे किंवा पेन्सिल वहीवर, पुस्तकावर किंवा फळ्यावर असेल, तर गोलू ‘कामात’. दोन्हींतलं एक जरी नसेल तर ‘कामात नाही’. त्यावर तिचा प्रश्न, “मॅडम, तो वर पाहून बोटं मोजत असंल तर?” ते कामात धरलं. पेन्सिलला टोक करणं कामात धरलं नाही, कारण गोलू टोक करता करता पेन्सिल संपवायचा. अशा बारीकसारीक गोष्टी आधी कागदावर आल्या नाहीत तर प्रयोगाच्या मध्यावर नोंद घेणारा हळूहळू आपली व्याख्या बदलतो. आलेखावर दिसतं ते पोराचं बदलणं नसतं, पाहणाऱ्याच्या नजरेचं असतं.

मग प्रश्न आला मोजायचं कसं. एक पद्धत अशी असते की अर्ध्या मिनिटात पोरगं एकदा जरी उठलं तरी ‘उठला’ अशी खूण करायची. यात आकडा फुगतो. प्रत्येक अर्ध्या मिनिटात ते दोनच सेकंद उठलं, तरी कागदावर १०० टक्के वेळ उभं दिसेल, आणि प्रत्यक्षात तो वेळ सात टक्केही नसेल. आम्ही क्षणनोंद घेतली. फोन अर्ध्या अर्ध्या मिनिटाला थरथरला की त्या क्षणी मान वर करून पाहायचं, कामात असेल तर टिक, नसेल तर शून्य. मधल्या वेळात त्याने काय केलं याकडे लक्ष द्यायचं नाही. रोज गणिताच्या स्वाध्यायाची २० मिनिटं, खिचडीच्या सुट्टीच्या आधी, म्हणजे ४० नोंदी. वेळ आणि विषय रोज तेच. शनिवारी सकाळची शाळा असते आणि पोरांची लय वेगळी असते, म्हणून शनिवार सोडून दिला.

नवीन माणूस वही घेऊन कोपऱ्यात बसला की अख्खा वर्ग शहाण्यासारखा वागतो. म्हणून तिला आधी नुसतंच बसवलं, कागदावर रेघोट्या मारत. पोरं तिच्याकडे वळून पाहायची थांबली तेव्हा खऱ्या नोंदी सुरू केल्या.

त्या नोंदींवर विश्वास कितपत ठेवायचा हे तपासायला अधूनमधून हेडमास्तर सर दारापाशी खुर्ची टाकून बसत आणि तिच्या कागदाकडे न पाहता स्वतःच्या खुणा करत. नंतर दोघांचे कागद समोरासमोर ठेवायचे. एके दिवशी ४० पैकी ३६ खुणा जुळल्या, म्हणजे ९० टक्के. प्रत्येक टप्प्यातल्या निदान २० टक्के दिवसांना अशी दुहेरी नोंद हवी आणि जुळणी ८० टक्क्यांच्या वर हवी असा दंडक आहे. पण नुसत्या टक्केवारीवर भुलण्यात अर्थ नाही. त्या दिवशी गोलू दोघांच्याही हिशोबाने जेमतेम ११ खुणांना कामात होता. समजा, दोघांनी गोलूकडे पाहिलंच नाही आणि ११ टिका व २९ शून्यं कागदावर कुठेही टाकली, तरी सुमारे ६० टक्के खुणा आपोआप जुळल्या असत्या, कारण दोन्हीकडे शून्यंच जास्त. हा नशिबाचा वाटा वजा करून जो आकडा येतो त्याला कॅपा म्हणतात. आमचा ०.७५ आला. ०.६ ची मर्यादा पुरेशी मानतात, म्हणून पुढे गेलो.

बेसलाइनच्या दिवसांत तिला आणखी एक रकाना आखून दिला होता: मॅडम गोलूशी केव्हा बोलल्या आणि तेव्हा तो काय करत होता. एका दिवसाच्या २० मिनिटांत मी त्याच्याशी ११ वेळा बोलले होते. “गोलू, बस खाली.” “गोलू, तिचं रबर दे.” “काय रे, पुन्हा?” त्यांतल्या १० वेळा तो कामात नव्हता. बसून गणितं सोडवत असायचा तेव्हा मी तिसरीकडे वळलेली असायचे. बाकी दिवसांचं चित्रही असंच होतं. चाळीस मिनिटांच्या तासात दोन वर्ग सांभाळणाऱ्या कुठल्याही शिक्षकाचं हेच होतं. तेव्हा उठण्याने त्याला माझं लक्ष मिळतंय आणि म्हणून तो उठतोय, असा कयास बांधता येत होता.

दुसरा कयासही होता, की गणित जमत नाही म्हणून पोरगं उठतंय. तसं असेल तर लक्ष काढून घेऊन काही उपयोग नाही, उलट त्याची कामातून आयतीच सुटका होईल. म्हणून बेसलाइनमध्येच काही दिवस त्याला दुसरीच्या पातळीच्या, त्याला हातचा मळ असलेल्या बेरजा दिल्या. तरीही तो तितकाच उठला. मग दुसरा कयास बाजूला ठेवला. उपाय निवडायच्या आधी ही तपासणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण दोन पोरं सारखीच उठत असली तरी उठण्याचं कारण एक असेलच असं नाही.

बेसलाइनचे आकडे ४० पैकी १३, १६, ११, १५, १२, १४ असे आले. सरासरी १४ च्या आसपास, म्हणजे वेळेच्या जवळपास एक तृतीयांश. पाहायचं होतं ते मात्र दुसरंच: रेघ कुठे चढतेय का? ती आपणहून वर चढत असती तर मी थांबले असते. चढत्या बेसलाइनवर उपाय सुरू केला तर पुढची चढण कुणाची हे कधीच सांगता येत नाही. उतरत्या रेषेवर सुरू करायला हरकत नसते, कारण आपल्याला ती वर न्यायची असते. आमची रेघ सपाट होती, थोडी वरखाली होत.

हेडमास्तर सरांचं म्हणणं होतं, “वर्गात नियम लिहून लावा ना जी मॅडम, पोट्टे वाचतीन तरी.” नियम लावले असते तरी नुकसान नव्हतं. पण १९६८ मध्ये मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी दोन वर्गांत नेमकं हेच टप्प्याटप्प्याने करून पाहिलं होतं. नुसत्या नियमांनी पोरांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. चांगल्या वागण्याचं कौतुक आणि बाकीकडे दुर्लक्ष एकत्र आलं तेव्हा पडला. त्याच वर्षी हॉल, लुंड आणि जॅक्सन यांनी कॅन्सस सिटीतल्या वर्गांत शिक्षकाच्या लक्षावर प्रयोग केले. त्यांतला रॉबी तिसरीतला, गोलूच्याच कुळीचा. बेसलाइनला तो सरासरी २५ टक्के वेळ अभ्यासात असायचा, अभ्यास करताना बाई जवळ जाऊ लागल्या तेव्हा ७१ टक्क्यांवर गेला. त्यांची एक युक्ती मी जशीच्या तशी उचलली. नोंद घेणारी रंगीत कागदाचा तुकडा वर धरायची, आणि तो दिसला की शिक्षक त्या पोराजवळ जायचा. दोन वर्ग सांभाळताना हे लक्षात ठेवावं लागत नाही, हा मोठा आधार.

माझा उपाय असा होता. गोलू सलग थोडा वेळ कामात राहिला की मागून लाल कार्ड वर व्हायचं. मी तिसरीचं वाक्य पूर्ण करून त्याच्यापाशी जायचे, वहीवर बोट ठेवायचे आणि त्याने काय बरोबर केलं तेवढं सांगायचे. “इथे हातचा घ्यायला विसरला नाहीस.” नुसतं “शाब्बास” नाही, शाब्बास पोरांना दिवसभरात इतक्यांदा ऐकू येतं की त्याचं काही वाटेनासं होतं. तो उठला की पाहायचं नाही, बोलायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. एकच अपवाद ठरवला: कुणाला लागणार असेल तर लगेच मध्ये पडायचं.

उपाय कधी सुरू करायचा, तो दिवस मी ठरवला नाही. बेसलाइन सपाट दिसल्यावर पुढच्या तीन दिवसांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि तिसरीतल्या एका मुलीला उचलायला लावलं. पोरगं आज शांत दिसतंय तर आजच सुरू करू, हा मोह त्यामुळे उरत नाही. चिठ्ठी टाकण्याआधी पंचांग तेवढं पाहून घेतलं. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा गेला की लाकडी बैलांच्या गोष्टीत वर्ग आठवडाभर अडकतो, टप्प्याची सीमा तिथे पडायला नको होती.

पहिल्या दिवशी आकडा आला ९. बेसलाइनच्या कुठल्याही दिवसापेक्षा वाईट. गोलू माझ्या टेबलापाशी आला, उभा राहिला, मी पाहत नाही म्हटल्यावर “मॅडम... मॅडम जी... ओ मॅडम” असा आवाज चढवत गेला, आणि शेवटी डस्टर खाली पाडला. चौथीतली दोन पोरं हसली. हे होणार याची मला कल्पना होती. ज्या वागण्याला आजवर लक्ष मिळत आलं, त्याचं लक्ष अचानक बंद झालं की ते वागणं आधी वाढतं आणि मगच ओसरतं. याच क्षणी “गोलू, काय चाललंय?” म्हटलं की पोरगं एक गोष्ट पक्की शिकतं: टेबलापाशी नुसतं उभं राहून भागत नसेल तर डस्टर पाडायचा. पुढच्या वेळी त्याची सुरुवातच डस्टरपासून होते. डस्टर तासभर जमिनीवर पडून होता. थोड्या वेळाने तो सतरंजीवर बसला, वही ओढली, मागे लाल कार्ड वर झालं, आणि मी गेले.

त्यानंतरचे आकडे १८, २५, २९, २७, ३०. आलेखाच्या कागदावर पहिल्या टप्प्याचे ठिपके एका रेघेने जोडलेले, मग उभी तुटक रेघ, आणि पलीकडे नवे ठिपके. दोन टप्प्यांचे ठिपके एकमेकांना जोडायचे नसतात, कारण जोडले की डोळ्याला उडीऐवजी उतार दिसतो.

खरी अडचण याच्या पुढे होती. उपाय लागू पडला होता आणि आता तो काढून घ्यायचा होता. हेडमास्तर सर आलेख पाहून खूश होते. पुढचा टप्पा सांगितला तर म्हणाले, “काहून जी मॅडम? सुधरलेलं पोट्टं बिघडवून काय पाहाचं हाय तुमाले?” आक्षेप खोटा नाही. या पद्धतीवर घेतला जाणारा सगळ्यांत जुना आक्षेप हाच आहे. माझं उत्तर असं होतं की गोलू उठतो तेव्हा कुणाला इजा होत नाही, टप्पा थोडक्यात आटपणार आहे, आणि हे केलं नाही तर बदल माझ्या बोलण्याने झाला की नुसत्या काळाने, हे मलाच कळणार नाही. मग पुढच्या पोरावर हाच उपाय कशाच्या जोरावर करायचा? तोच गोलू दुसऱ्यांना मारत असता, किंवा स्वतःचं डोकं भिंतीवर आपटत असता, तर मी उपाय काढला नसता. तिथे ही मांडणी वापरायचीच नाही.

गोलूच्या आईची परवानगी मी सुरुवातीलाच घेतली होती. या टप्प्याआधी पुन्हा तिच्या घरी गेले. ती वावरातून नुकतीच आली होती, हातपाय धुवायचे होते. काय करणार ते सांगितलं. ती म्हणाली, “मारत नाई ना जी तुमी? मंग करा.” आजी मात्र उंबऱ्यावर बसून वहीकडे टक लावून होती, “त्याच्याबद्दल येवढं काय लिवता जी?” मी तिला आलेख दाखवला. रेघ वर गेलीय हे तिला न वाचता कळलं.

दुसऱ्या बेसलाइनमध्ये मी जुनी मॅडम झाले. लाल कार्ड बंद, उठला की “बस खाली.” हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्यालाही सवय लागलेली असते, पाय आपोआप त्याच्या वहीकडे वळतात. म्हणून त्या मुलीने माझ्या बोलण्याचा रकाना या टप्प्यातही भरला. उपाय ठरल्याप्रमाणे झाला की नाही आणि बंद असताना खरंच बंद होता की नाही, याची नोंद नसेल तर आलेखातला प्रत्येक टप्पा नावापुरताच. रकाना सांगत होता की माझं बोलणं बहुतेक वेळा पुन्हा तो उठल्यावरच होतंय.

आकडे आले २६, २०, १७, १५, १६. पहिल्या दिवशी तो जवळपास कालच्यासारखाच बसला, कारण लाल कार्ड गेलंय हे त्याला अजून उमगलं नव्हतं. दुपारी आपणहून वही घेऊन आला, “मॅडम, मी सारे गणितं केले, पाहा ना!” स्वाध्यायाची वेळ संपलेली होती, मी पाहिले. तासात मात्र हळूहळू उठणं परत आलं. पहिल्या बेसलाइनच्या १४ पर्यंत पुरता उतरला नाही, आणि ते अपेक्षितच होतं. मधल्या काळात पानं भरली होती, शेजारचा मुलगा त्याच्या वहीत पाहून उत्तरं जुळवायला लागला होता. माझ्या लक्षाखेरीज आणखी काही धागे त्याला सतरंजीशी बांधायला लागले होते. परतीच्या टप्प्यात आकडा पूर्ण मूळपदावर येत नाही तेव्हा बहुधा असंच काहीसं असतं. पण अजिबातच हलला नसता तर मला म्हणावं लागलं असतं की माझ्या कौतुकाचा या बदलाशी संबंध आहे हे सिद्ध झालं नाही. पोरगं सुधारलेलंच राहिलं असतं, गाव खूश असतं, आणि प्रयोग फसलेला असता.

पाचवा आकडा पडल्यावर पुन्हा चिठ्ठी, पुन्हा लाल कार्ड: २७, ३०, ३१, २९, ३२, ३३. या वेळी डस्टरचा प्रसंग नाही, पहिल्याच दिवशी उडी. पोरगं एकदा शिकलेलं लवकर ओळखतं.

अशा आलेखावर बहुतेक वेळा दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी टी-चाचणी वगैरे लावत नाहीत. एकाच पोराच्या लागोपाठच्या दिवसांच्या नोंदी एकमेकींपासून सुट्या नसतात, आजचा दिवस कालच्यावर टेकलेला असतो, आणि ती चाचणी नोंदी सुट्या आहेत असं धरून चालते. म्हणून आधी डोळ्यांनी वाचायचं: टप्प्याची पातळी कुठे आहे, रेघ चढती की उतरती, ठिपके किती विखुरलेत, सीमारेषेपाशी बदल लगेच आला की रेंगाळत, आणि दोन टप्प्यांचे ठिपके एकमेकांच्या पट्ट्यात किती घुसलेत.

घुसखोरी मोजायची एक सोपी रीत आहे. बेसलाइनचा सर्वांत वरचा ठिपका घ्यायचा आणि उपायाचे किती ठिपके त्याच्याही वर आहेत ते पाहायचं. पहिल्या जोडीत बेसलाइनचा कळस १६, उपायाच्या ६ पैकी ५ ठिपके त्याच्या वर, म्हणजे ८३ टक्के. डस्टरचा दिवस तेवढा खाली. दुसऱ्या जोडीत सगळेच्या सगळे वर, १०० टक्के. पण जरा निरखून पाहा. दुसऱ्या बेसलाइनचा कळस २६, तोही त्या पहिल्या उधारीच्या दिवसाचा. उपायाचा पहिला ठिपका २७ ऐवजी २५ असता तर लगेच आकडा घसरून पुन्हा ८३ झाला असता, आणि चित्रात तर काहीच बदललं नसतं. एका उंडग्या ठिपक्यावर अख्खा आकडा लटकतो, हा या रीतीचा मोठा दोष. म्हणून मी अहवालात ती टक्केवारी लिहिली, पण आलेखाच्या खाली, एका ओळीत.

अहवाल ज्यांच्याकडे गेला त्यांनी विचारलं, “नमुना एकच?” एकच. गोलूच्या बाबतीत लक्ष आणि बसणं यांचा संबंध तीनदा दिसला, एवढंच यातून म्हणता येतं. चौथीतल्या दुसऱ्या कुणाला हे लागू पडेल की नाही, ते त्याच्यावर पुन्हा करूनच कळेल. आणि गोलूच्याही बाबतीत ते गणिताच्या तासापुरतंच. मराठीच्या तासाला अधूनमधून नोंद घेतली होती, तिथे तो जसाच्या तसा उठत होता. सवय आपोआप एका तासातून दुसऱ्यात गेली नाही. तिकडे उपाय वेगळा न्यावा लागला, आणि लाल कार्ड रोजच्या ऐवजी एक दिवसाआड, मग कधीमधी असं विरळ करत आणावं लागलं.

आता हेडमास्तर सरांना दुसरीतल्या एका मुलीचं वाचन याच पद्धतीने करायचं आहे. तिथे ए-बी-ए-बी चालायचं नाही. जोडाक्षरं एकदा वाचता यायला लागली की उपाय काढला म्हणून विसरली जात नाहीत, परतीचा टप्पा परतच येणार नाही. म्हणून शब्दांच्या तीन याद्या केल्या आहेत: एक र-काराच्या जोडाक्षरांची, एक ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची, एक ‘त्त’, ‘द्ध’सारख्यांची. तिन्हींची बेसलाइन एकदम सुरू होईल. शिकवणं आधी पहिल्या यादीचं सुरू करायचं, दुसऱ्या दोन्ही तशाच मोजत राहायच्या. पहिली वर जाऊन स्थिरावली की दुसरी शिकवायला घ्यायची, मग तिसरी. प्रत्येक यादी आपापली पाळी आल्यावरच वर गेली तर इथेही तीन वेळा परिणाम दिसला, आणि काही काढून घ्यावं लागलं नाही. सरांना धास्ती एकाच गोष्टीची आहे: पहिली यादी शिकवली आणि तिसरी आपणहून वर चढायला लागली तर काय? मुलीसाठी ती आनंदाची गोष्ट होईल, पण मग आलेखावरून उपायाचं नाव घेता येणार नाही. म्हणून तिन्ही याद्यांत एकही जोडाक्षर सामायिक नाही ना, ते आम्ही या आठवड्यात शब्दागणिक तपासतोय.